'तत्त्वमसि'चा अर्थ भाष्य आणि इतिहास यांच्यात का बदलतो?

प्रश्न: छांदोग्य उपनिषदातल्या 'तत्त्वमसि'चा अर्थ आचार्यांच्या भाष्यांत एक मिळतो आणि विद्यापीठातल्या संशोधकांकडे वेगळाच. आचार्यांचंही आपसात जमत नाही. वाक्य एकच आहे, तर अर्थ नेमका कुठे बदलतो? आणि हे दोन्ही प्रकारचं वाचन गोंधळ न होता कसं करायचं?

उत्तर:

अर्थ बदलतो तो 'तत्' या सर्वनामाचा निर्देश कुठे शोधायचा, या एका निर्णयापाशी. कोणी अद्वैती आहे की द्वैती, श्रद्धाळू आहे की चिकित्सक, हे सगळं त्यानंतर येतं. कोणतीही पद्धत आधी ठरवते की या वाक्याचा संदर्भ म्हणजे कुठून कुठपर्यंतचा मजकूर. तो संदर्भ ठरला की 'तत्'चा अर्थ जवळजवळ आपोआप ठरतो. म्हणून आधी मजकूर समोर ठेवू.

छांदोग्याचा सहावा अध्याय सोळा खंडांचा आहे. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही जातो आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून, ताठ मानेने परततो. वडील उद्दालक आरुणी त्याला विचारतात, ज्यामुळे न ऐकलेलं ऐकलेलं होतं असा आदेश, म्हणजे उपदेश, तू विचारलास का? मग मातीच्या गोळ्याचा दृष्टान्त येतो: एक गोळा कळला की मातीचं सगळं कळतं. दुसऱ्या खंडात 'सदेव सोम्येदमग्र आसीदेकमेवाद्वितीयम्' हे विधान येतं: सुरुवातीला फक्त सत् होतं, एकच, दुसऱ्याविना. पुढे तेज, आप आणि अन्न यांची उत्पत्ती, मग मनाचा अन्नाशी, प्राणाचा आपाशी आणि वाणीचा तेजाशी संबंध. आठव्या खंडाच्या शेवटी ते पालुपद पहिल्यांदा येतं:

'स य एषोऽणिमैतदात्म्यमिदं सर्वं तत्सत्यं स आत्मा तत्त्वमसि श्वेतकेतो.'

हा जो सूक्ष्म अंश आहे, तोच या सगळ्याचा आत्मा आहे, ते सत्य आहे, तो आत्मा आहे, 'तत्त्वमसि', श्वेतकेतू. त्यानंतर मुलगा म्हणतो, 'भगवन्, मला आणखी समजावून सांगा', आणि नवा दृष्टान्त सुरू होतो. मध, नद्या, घाव घातला तरी जगणारं झाड, वडाचं फळ, पाण्यातलं मीठ, डोळे बांधून सोडलेला गांधारचा माणूस, मरणोन्मुख माणूस आणि शेवटी तापलेली कुऱ्हाड हातात घेणारा आरोपी. आठव्यापासून सोळाव्या खंडापर्यंत पालुपद नऊ वेळा येतं.

आता परंपरेची पद्धत पाहू. ही पद्धत म्हणजे 'जुने लोक म्हणतात म्हणून मानायचं' असा प्रकार नाही. तिला मीमांसेचे काटेकोर नियम आहेत. वेद अपौरुषेय, म्हणजे त्याला कर्ता नाही. कर्ता नाही म्हटल्यावर 'उद्दालकाच्या मनात काय होतं' हा प्रश्नच या चौकटीत उभा राहत नाही. उरतं ते मजकुराचं तात्पर्य, आणि ते ओळखायला सहा खुणा आहेत: उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. वेदान्तसारात सदानंदांनी या सहाही खुणा छांदोग्याच्या याच अध्यायावर लावून दाखवल्या आहेत, त्यामुळे ही पद्धत शिकायला याहून सोयीचं उदाहरण नाही. उपक्रमात, म्हणजे आरंभी, 'एकमेवाद्वितीयम्' आहे, उपसंहारात, म्हणजे शेवटी, 'ऐतदात्म्यमिदं सर्वम्'. अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, ती नऊ वेळची. अपूर्वता अशी की ही गोष्ट प्रत्यक्ष किंवा अनुमानाने कळत नाही. फल चौदाव्या खंडात सांगितलं आहे, 'आचार्यवान् पुरुषो वेद' पासून पुढे. अर्थवाद म्हणजे पहिल्या खंडातली त्या आदेशाची स्तुती, आणि उपपत्ती म्हणजे मातीच्या गोळ्याची युक्ती.

या सहा खुणा लावल्यावर संदर्भाची कक्षा आपोआप सोळा खंडांची होते. पूर्ण अध्याय हे एक वाक्य, एकच विषय असलेलं. अशा वेळी 'तत्' दुसऱ्या खंडातल्या 'सत्'कडे जातं. ते नपुंसकलिंगी आहे, 'तत्'ही नपुंसकलिंगी आहे, व्याकरण बसतं. अर्थ होतो: जगाचं मूळ असलेलं ते सत् तूच आहेस.

इथपर्यंत शंकराचार्य आणि रामानुजाचार्य यांच्यात मोठा तंटा नाही. तंटा सुरू होतो तो पुढच्या पायरीवर: जगाचं कारण असलेलं सर्वज्ञ सत् आणि अल्पज्ञ श्वेतकेतू यांची एकता शब्दाच्या सरळ अर्थाने जुळत नाही, मग काय करायचं? अद्वैत परंपरा दोन्ही पदांतला विरोधी भाग सोडते. 'तत्'मधलं सर्वज्ञत्व आणि 'त्वम्'मधलं अल्पज्ञत्व बाजूला ठेवलं की शुद्ध चैतन्य उरतं आणि ते एकच आहे. 'सोऽयं देवदत्तः', हा तोच देवदत्त, हे त्यांचं नेहमीचं उदाहरण: तेव्हाचा काळ आणि आताचा काळ सोडला की माणूस एकच. या रीतीला भागत्यागलक्षणा म्हणतात.

रामानुजाचार्यांना लक्षणा मान्य नाही. सरळ अर्थ बसत असताना गौण अर्थ घ्यायचा नाही, हा मीमांसेचाच नियम ते पुढे करतात. मग सरळ अर्थ बसवतात कसा? संदर्भाची कक्षा वाढवून. ते बृहदारण्यकाच्या अंतर्यामी ब्राह्मणाकडे जातात, जिथे याज्ञवल्क्य सांगतात की परमात्मा आत राहून नियमन करतो आणि ज्याच्यात राहतो ते त्याचं शरीर असतं. तिथून मिळालेली शरीर-आत्मा ही जोडी ते इथे लावतात. 'त्वम्' म्हणजे नुसता जीव नव्हे, तर जीव ज्याचं शरीर आहे असं ब्रह्म. 'तत्' म्हणजे जगाचं कारण असलेलं ब्रह्म. दोन्ही पदं एकाच ब्रह्माला दोन विशेषणांनी सांगतात, त्यामुळे काहीच सोडावं लागत नाही आणि जीव-ब्रह्म भेदही शाबूत राहतो. 'ऐतदात्म्यम्', म्हणजे 'हे ज्याचा आत्मा आहे असं', हे पद त्यांच्या बाजूने चांगलंच बोलतं, हे मान्य करायला हवं.

यात एक बारकावा आहे आणि तो दोन्ही पद्धतींतला फरक लख्ख दाखवतो. अंतर्यामी ब्राह्मणाचे दोन पाठ आहेत. माध्यंदिन पाठात 'य आत्मनि तिष्ठन्' आहे, तर काण्व पाठात त्याच जागी 'यो विज्ञाने तिष्ठन्' आहे. रामानुजांना हवा तो शब्द, 'आत्मा', माध्यंदिन पाठात स्पष्ट आहे. परंपरेला याची अडचण नाही, कारण दोन्ही पाठ श्रुतीच आहेत. एक दुसऱ्याचा खुलासा करतो, आणि ब्रह्मसूत्रातही दोन्ही शाखांचा आधार एकत्र घेतलेला आहे. ऐतिहासिक अभ्यासक मात्र इथे थांबतो आणि विचारतो: यातला जुना पाठ कोणता, दुसरा का निघाला, आणि शुक्ल यजुर्वेदाच्या शाखेतला मजकूर सामवेदाच्या शाखेतल्या मजकुराचा अर्थ ठरवायला कोणत्या अधिकाराने वापरायचा? त्यातून गंमत अशी की अंतर्यामी ब्राह्मणात प्रश्न विचारून शेवटी गप्प बसणारा उद्दालक आरुणीच आहे. ऐतिहासिक नजरेला यात दोन शाखांची स्पर्धा दिसते. परंपरेच्या नजरेला एकाच सत्याचे दोन प्रसंग दिसतात.

मध्वाचार्य पदच्छेद बदलतात. पठणात 'स आत्मा' आणि 'तत्त्वमसि' सलग येतात. 'आत्मा' नंतर 'तत्' असलं तरी आणि 'अतत्' असलं तरी संधी होऊन कानाला एकच ध्वनी येतो: 'आत्मातत्त्वमसि'. त्यांनी 'अतत् त्वमसि' असा छेद घेतला: तू ते नाहीस. हे ऐकून अनेकजण हसतात, आणि तिथेच चूक होते. उच्चारलेल्या मजकुरात हा छेद व्याकरणाने शक्य आहे, आणि मध्व तो दृष्टान्तांवर उभा करतात: नदी समुद्रात जाते, पक्षी दोरीला बांधलेला असतो, मीठ पाण्यात असतं, तेव्हा प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी आहेत. या छेदाला अडचण येते ती 'ऐतदात्म्यमिदं सर्वम्' आणि उपक्रमातलं 'अद्वितीयम्' यांच्याशी मेळ घालताना. म्हणूनच पुढे उपक्रम बलवान की उपसंहार, यावर मोठा वाद झाला. माध्व बाजूने उपसंहाराला जोर दिला आणि अप्पय्य दीक्षितांनी उपक्रमाची बाजू लढवली.

तेव्हा 'पारंपरिक अर्थ' असा एकच काढून देता येत नाही. साधनं समान, कक्षा आणि प्राधान्यक्रम वेगळे, म्हणून निष्पत्ती तीन.

ऐतिहासिक-चिकित्सक पद्धत सुरुवातीलाच वेगळा प्रश्न विचारते: हा मजकूर ज्या काळात आणि ज्या लोकांत तयार झाला, त्यांनी तो ऐकताना काय समजलं असेल? छांदोग्य साधारण इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातलं मानलं जातं. शंकराचार्य इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आसपासचे. मध्ये तेरा-चौदाशे वर्षं आहेत, आणि त्यात बौद्ध विचार, सांख्य, पूर्वमीमांसा आणि ब्रह्मसूत्रं असं सगळं घडून गेलं आहे. म्हणून ही पद्धत आधी भाष्य बाजूला ठेवते आणि त्या काळच्या वैदिक गद्याचं व्याकरण पाहते.

१९८६ मध्ये संस्कृतचे अभ्यासक जोएल ब्रेरेटन यांनी या पालुपदावर लिहिलेल्या लेखातला युक्तिवाद असा. पालुपदातच पाहा: 'तत् सत्यम्', 'स आत्मा'. गोष्ट तीच, पण सर्वनाम पुढच्या नामाचं लिंग घेतं: सत्य नपुंसकलिंगी म्हणून 'तत्', आत्मा पुल्लिंगी म्हणून 'स'. याच चालीने, तू म्हणजे श्वेतकेतू हा पुरुष, 'ते तू आहेस' असं म्हणायचं असतं तर 'स त्वमसि' अपेक्षित होतं. दोघांचं ऐक्य सांगणारं वाक्य कौषीतकि उपनिषदात आहे आणि तिथे सर्वनामं पुल्लिंगीच आहेत: 'यस्त्वमसि सोऽहमस्मि'. मग इथलं 'तत्' काय करतं? वैदिक गद्यात 'तत्' क्रियाविशेषण म्हणूनही येतं. त्याप्रमाणे अर्थ होतो: 'तसा तू आहेस', म्हणजे त्याच रीतीने तू अस्तित्वात आहेस. पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी १९९८ च्या आपल्या इंग्रजी भाषांतरात हाच अर्थ घेतला.

पुढची पायरी रचनेची. पालुपद नऊही ठिकाणी सारखंच बसतं का, हे तपासायचं. रीत सोपी आहे: प्रत्येक खंडातून पालुपद काढून पाहायचं आणि उरलेला मजकूर लंगडा होतो का ते बघायचं. मधाचा किंवा नद्यांचा दृष्टान्त पालुपदाविना पूर्ण उभा राहतो. बाराव्या खंडात तसं होत नाही. तिथे वडील मुलाला वडाचं फळ फोडायला सांगतात, मग त्यातलं बी फोडायला सांगतात. 'काय दिसतं?' 'काही नाही.' त्यावर ते म्हणतात की जो अणिमा तुला दिसत नाही, त्याच्यामुळेच हा एवढा मोठा वड असा उभा आहे, 'एवं महान्यग्रोधस्तिष्ठति'; विश्वास ठेव, सोम्य. यानंतर लगेच 'स य एषोऽणिमा', 'हा जो अणिमा'. इथे अणिमा नुकताच दाखवलेला आहे, 'हा' म्हणण्याला समोर वस्तू आहे, आणि 'विश्वास ठेव' नंतर कशावर हे सांगणं भागच आहे. शिवाय जोडीही जमते: वड 'असा' उभा आहे, 'तसा' तू आहेस. यावरून निष्कर्ष निघतो की पालुपदाचं मूळ घर बारावा खंड असावं आणि तिथून ते बाकी आठ ठिकाणी नेलं गेलं असावं. सोळाव्या खंडातल्या पालुपदात 'स य एषोऽणिमा' हा आरंभच नाही, थेट 'ऐतदात्म्यम्'पासून सुरुवात आहे; नव्या जागी बसवताना शब्द जुळवून घेतल्याची ही खूण म्हणता येते.

कक्षा कशी आकसली पाहा. परंपरेने सोळा खंडांची कक्षा घेतली, रामानुजांनी ती दुसऱ्या उपनिषदापर्यंत नेली, आणि इथे ती एका खंडातल्या दोन-तीन वाक्यांवर आली. 'तत्'चा निर्देश त्या त्या कक्षेतच सापडतो. अर्थ म्हणून काय बदललं? भाष्यांतल्या अद्वैती वाचनात हे ऐक्याचं विधान आहे, ते ऐकून जाणणं हाच मोक्षाचा मार्ग. ऐतिहासिक वाचनात हे अस्तित्वाच्या रीतीचं विधान आहे: वड जसा न दिसणाऱ्या सूक्ष्म अंशावर उभा आहे तसाच तूही. चार महावाक्यांपैकी एक हे स्थान वाक्याला नंतरच्या अद्वैत परंपरेने दिलं. उपनिषदात ते एका बापाने मुलाला पुन:पुन्हा सांगितलेलं वाक्य आहे.

आता या चिकित्सक वाचनाच्या मर्यादा, कारण त्या सहसा सांगितल्या जात नाहीत. पहिली, पालुपद एका जागेवरून इतरत्र नेलं गेलं हा अंदाज केवळ मजकुराच्या आतल्या पुराव्यावर आहे. शंकरभाष्याच्या समोर असलेल्या मजकुरात ते नऊही ठिकाणी आहे. म्हणून हा सिद्धान्त 'संभाव्य' म्हणून वाचावा, 'सिद्ध' म्हणून नाही. दुसरी, लिंगाचा नियम ही त्या गद्याची चाल आहे. 'तत्' दूरच्या 'सत्'कडे बोट दाखवत असेल तर ती चाल तिथे लागू होईलच असं नाही. आणि 'सत्' खरंच दूर आहे का? आठव्या खंडात पालुपदाच्या थोडंच आधी 'सन्मूलाः सोम्येमाः सर्वाः प्रजाः' आहे. तेराव्या खंडात मिठाच्या पाण्यानंतर वडील म्हणतात की सत् इथेच आहे, तुला दिसत नाही, आणि लगोलग पालुपद येतं. परंपरेच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम आधार आहे, आणि माझ्या मते ब्रेरेटन यांच्या वाचनाची कसोटी बाराव्या खंडात नसून इथे आहे. तिसरी, पालुपद नंतर पसरवलं गेलं असं मानलं तरी ज्याने ते पसरवलं त्यालाही काहीतरी म्हणायचं होतं. नऊ दृष्टान्तांना एकाच धाग्यात ओवणारा संपादक हाही अर्थ लावणाराच आहे, आणि त्याची कक्षा पूर्ण अध्यायाची आहे. म्हणजे 'मूळ अर्थ' शोधताना आधी सांगावं लागतं की कोणत्या थरातला. अर्थात 'तसा तू आहेस' असं वाचूनही त्याआधीचं 'स आत्मा' जागच्या जागी राहतंच. म्हणून या वाचनाने अद्वैत खोटं ठरलं असं म्हणणं म्हणजे पुराव्याच्या पलीकडे उडी आहे.

प्रत्यक्ष वाचताना गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे भाष्यातला अर्थ ऐतिहासिक दावा म्हणून मांडणं: 'उद्दालकाने श्वेतकेतूला भागत्यागलक्षणेने ऐक्य शिकवलं' असं विधान. उद्दालकाच्या काळी ती परिभाषाच नव्हती, आणि परंपरेच्या नियमांनाही उद्दालकाच्या मनातला हेतू लागत नाही, त्यामुळे हे विधान दोन्हीकडून निसटतं. दुसरं म्हणजे उलट दिशेने, 'शंकराचार्यांना व्याकरण कळलं नाही' असं म्हणणं. ते 'तत्'चं लिंग सोळा खंडांच्या एकवाक्यतेतून, 'सत्'वरून घेतात. त्या कक्षेत ते बरोबर आहे. त्यांच्याशी वाद घालायचा असेल तर कक्षेवर घालावा.

अभ्यासासाठी क्रम असा ठेवावा. आधी आठवा, बारावा, तेरावा आणि सोळावा खंड भाष्याशिवाय, संस्कृत मूळ आणि साधं भाषांतर समोर ठेवून वाचा. प्रत्येक पालुपदाच्या आधीच्या दोन वाक्यांत 'अणिमा' आणि 'सत्' यांपैकी कोणता शब्द आहे ते पानाच्या समासात लिहा. मग सहा खुणा संपूर्ण अध्यायावर स्वतः लावा. त्यानंतरच शंकरभाष्य उघडा आणि मग रामानुजांच्या वेदार्थसंग्रहातला या वाक्याचा भाग वाचा. तिथे लक्षणेविरुद्धचा युक्तिवाद आटोपशीर मिळतो. कोणताही अर्थ वहीत उतरवताना त्याच्यापुढे तीन गोष्टी नोंदवा: 'तत्'चा निर्देश कोणत्या शब्दाकडे मानला, तो शब्द कोणत्या खंडात आहे, आणि तिथपर्यंत जाण्याचा नियम कोणता. भाषांतर विकत घेतानाही हेच तपासता येतं. आठव्या खंडातलं पालुपद उघडा. 'ते तू आहेस' असेल तर भाषांतरकार अध्यायाच्या कक्षेत वाचतो आहे. 'तसा तू आहेस' असेल तर खंडाच्या कक्षेत. आणि 'तू ब्रह्म आहेस' असं छापलेलं असेल तर भाष्य भाषांतरात शिरलं आहे, कारण ज्याच्याकडे हे 'तत्' बोट दाखवतं त्या जागी मूळात 'सत्' आहे, 'ब्रह्म' नाही.